सर्व्हिस बुकचे फोटो काढलेत, मीटरवर ६८,५४० आहे. नक्की काय काय राहिलंय?

काटकोन (२० जानेवारी २०२५)

ऑक्टोबरमध्ये एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. मॅन्युअल गिअर, पहिली डिलिव्हरी १४/०६/१८. गाडीबरोबर सर्व्हिस बुक मिळालं, तीन-चार बिलंही मिळाली. काल सगळ्या पानांचे फोटो काढले आणि रात्री बसून शिक्क्यांवरचे आकडे एका शीटमध्ये उतरवले. चौथा शिक्का २०/०६/२२, ३९,९०० किमी. पाचवा ०८/०७/२३, ५३,४२०. सहावा ०५/०३/२४, ६७,१००. त्याच्या आधीचे तीन दर दहा हजाराला अगदी वेळच्या वेळी आहेत, म्हणून ते इथे देत नाही.

पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे इंजिन ऑइल दर १०,००० किमी किंवा १२ महिने, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग ४०,०००, ब्रेक ऑइल ४०,००० किंवा २४ महिने, टायमिंग बेल्ट १,००,००० किंवा ७२ महिने. आज मीटरवर ६८,५४०. माझ्या हिशेबाने प्लग सोडून काहीच राहिलेलं नाही आणि पुढचं ऑइल ७७,१०० ला. शीट बरोबर वाटते का? कोणी एकदा डोळ्याखालून घालेल का?

सुसाट

प्लग बदलून टाका आणि मजेत चालवा. पेट्रोल गाडीला किलोमीटर बघायचे, बाकी महिनेबिहिने सर्व्हिस सेंटरवाल्यांनी आपला धंदा चालावा म्हणून लिहिलेले असतात.

निवांत

माझ्याही गाडीत हाच प्रॉब्लेम आहे. स्टार्ट केली की पान्याचं चिन्ह येतं आणि दहा सेकंदांनी जातं. ते घालवायचं कसं? ट्रिपचं बटण दाबून बघितलं, जात नाही.

हिशेबी

@निवांत, त्यांचा प्रश्न वेगळा आहे हो. तुमच्या दिव्यासाठी नवा धागा काढा.

@काटकोन, गाडी घेतली त्या दिवशी मीटरवर किती होतं? विक्रीच्या कागदावर किंवा विम्याच्या तपासणीच्या फोटोत सापडेल.

काटकोन

विक्रीच्या कागदावर १२/१०/२४, ६४,९००. थांबा. मार्चमध्ये ६७,१०० आणि ऑक्टोबरमध्ये ६४,९००? हे कसं काय?

सुसाट

मीटर मागे फिरवलंय! फसलात भाऊ. आता त्या पुस्तकातल्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवू नका. विकणाऱ्याला फोन लावा.

जुना_पाना

फोन लावायची घाई नको. मी बरीच वर्षं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर काढली आहेत, हे शिक्के मारून त्यात आकडे भरायचं काम माझंच होतं. मागे फिरवलेली मीटरं पाहिली आहेत, नाही असं नाही. पण घाईघाईत लिहिलेल्या एकाचा सात झालेला त्याहून कितीतरी जास्त वेळा पाहिलाय. सहाव्या शिक्क्याचा फोटो जवळून टाका. पूर्ण चौकट येऊ द्या, कोपरे कापू नका.

काटकोन

[फोटो] हा घ्या. आधीच्या फोटोत उजवी कड कापली गेली होती. आकडे इंग्रजीत आहेत, निळ्या बॉलपेनने, आणि दुसऱ्या आकड्यावर शिक्क्याची शाई आली आहे. मला सात वाटला कारण वर एक छोटी शेपटी आहे.

जुना_पाना

काम झालं. शिक्क्याच्या उजवीकडे खाली बघा, ‘पुढील सर्व्हिस’ असा रकाना आहे, जो तुमच्या पहिल्या फोटोत नव्हताच. त्यात दोन आकडे आणि तीन शून्यं आहेत. पहिला आकडा नक्की सात आहे, कारण त्याच्या पोटातून आडवी रेघ गेली आहे. दुसऱ्याला ती रेघ नाही, वर नुसती शेपटी आहे. म्हणजे हा माणूस सातला रेघ मारतो आणि एकाला शेपटी काढतो. तिथे ७१,००० लिहिलंय. आता त्याच नजरेने वरचा वादातला आकडा बघा. शेपटी आहे, रेघ नाही. म्हणजे ६१,१००. पुढच्या रकान्यात आम्ही दहा हजार मिळवून शंभर सोडून द्यायचो, ते गणितही जुळतं.

तारखेचाही असाच घोळ होतो. ०५/०३ म्हणजे ५ मार्च की ३ मे? चौथा शिक्का २०/०६ आहे आणि विसावा महिना नसतो, तेव्हा या पुस्तकात दिवस आधी लिहिलाय. तरी शिक्के दोन वेगळ्या ठिकाणचे असतील तर प्रत्येकाचं वेगळं तपासायचं.

हिशेबी

मी दुसऱ्या बाजूने आले, उत्तर तेच. ८ जुलै २३ ते ५ मार्च २४ हे २४१ दिवस. ६१,१०० धरलं तर ७,६८० किमी, म्हणजे दिवसाला साधारण ३२. त्याच्या आधीच्या वर्षी चौथ्या ते पाचव्या शिक्क्यात दिवसाला ३५ पडतात. चाल सारखीच आहे. ६७,१०० धरलं तर दिवसाला ५७ येतात आणि नंतर मीटर उलटं जातं. आकडा संशयास्पद वाटला की त्याच्या आधीची आणि नंतरची रोजची चाल काढून बघावी, चुकीचा असेल तर एका बाजूला फुगवटा दिसतो आणि दुसऱ्या बाजूला खड्डा.

सुसाट

बरं, मीटरबद्दलचे शब्द मागे घेतो. म्हणजे ऑइल ७१,१०० ला. अजून अडीच हजार किलोमीटर आहेत की.

पायवाट

माझ्या स्कूटरच्या पुस्तकात फ्री सर्व्हिसची कुपनं आहेत आणि तिसरं कुपन फाडलेलंच नाही. गाडी ११,००० चालली आहे. ते कुपन आता चालेल का? आणि ते न फाडणं म्हणजे सर्व्हिसिंग राहिलं असं होतं का?

जुना_पाना

@पायवाट, कुपनावर किमी आणि दिवस अशा दोन मर्यादा छापलेल्या असतात, त्यातली एक उलटली की फुकट मजुरीचा हक्क जातो. पण कुपन तसंच असणं म्हणजे काम झालं नाही असं नव्हे. लोक पैसे देऊन काम करून घेतात आणि कुपन तसंच राहतं. बिलं शोधा.

@सुसाट, इथेच तुमची गाडी घसरते. तक्त्याच्या डोक्यावर ‘जे आधी येईल ते’ असं लिहिलेलं असतं. शेवटचं ऑइल ५ मार्च २४ ला बदललं, बारा महिने ५ मार्च २५ ला भरतात. किलोमीटर उरले तरी तारीख आली की देय. कमी चालणाऱ्या गाडीत तर महिन्यांचाच आकडा खरा, कारण छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि ऑइलमध्ये शिरलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही.

आणि काटकोन, तुमच्या शीटमध्ये महिने कुठेच दिसत नाहीत. ब्रेक ऑइलच्या ओळीत काय लिहिलंय?

काटकोन

‘शेवटचं ३९,९००, पुढचं ७९,९००.’ चौथ्या सर्व्हिसच्या बिलात ब्रेक ऑइलची बाटली लावलेली आहे, म्हणून तिथून धरलं.

अरेच्चा. २० जून २०२२ अधिक २४ महिने म्हणजे २० जून २०२४. म्हणजे आज बरोबर सात महिने उलटलेत?

जुना_पाना

हो, पाचव्या किंवा सहाव्या वेळी बदललं नसेल तर. ब्रेक ऑइल चालवल्याने फारसं खराब होत नाही, ते हवेतला ओलावा ओढतं. गाडी शेडमध्ये उभी असली तरी ओढतं. पाणी वाढलं की उकळण्याचा बिंदू खाली येतो. लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल मऊ पडतं. रोजच्या रस्त्यावर याचा पत्ता लागत नाही, म्हणूनच तो उशीर शीटमध्येच पकडावा लागतो.

काटकोन

पाचव्याच्या बिलात ब्रेक ऑइल नाही, आत्ता परत बघितलं. सहाव्याचं बिल मिळालेलं नाही.

जुना_पाना

मग सहाव्याच्या शिक्क्यावर जे सेंटर आहे तिथे गाडीचा नंबर सांगून फोन करा आणि त्या दिवशीच्या जॉब कार्डवर काय काय लावलं ते विचारा. शिक्का फक्त गाडी आली होती एवढंच सांगतो. ‘४०,००० ची सर्व्हिस’ असा शिक्का आहे म्हणजे ४०,००० च्या रकान्यातलं सगळं बदललं, असं समजू नका. गिऱ्हाईक ‘आज फक्त ऑइल करा’ म्हणायचं, आम्ही ऑइल करायचो आणि शिक्का तोच मारायचो.

काटकोन

म्हणूनच प्लगबद्दल विचारत होतो. ४०,००० च्या रकान्यात प्लगसमोर R, म्हणजे ‘बदला’, आहे आणि चौथ्या बिलात प्लग नाहीत. म्हणजे मूळचे प्लग ६८,५४० चालले. २८,५४० किमी उशीर. शीटमध्ये लाल करून ठेवलंय.

जुना_पाना

R च्या शेजारी चांदणी आहे का? तुम्ही टाकलेल्या फोटोत एक ठिपका दिसतोय, पण पानाचा तळ कापला गेलाय.

काटकोन

[फोटो] बघितलं. चांदणीच आहे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय की इरिडियम प्लग असलेल्या इंजिनाला १,००,००० किमी. आणि त्याखाली इंजिनांच्या प्रकारांची यादी, त्यात माझा कोड इरिडियमवाल्यांत आहे. म्हणजे प्लग राहिलेलेच नाहीत!

फोटो काढताना तक्ता सरळ यावा म्हणून मीच खालचा भाग कापला होता.

हिशेबी

एक सुचवते. तक्त्याच्या पानाचा फोटो तिरका आला की ओळ घसरते. माझ्याकडून एकदा केबिन फिल्टरचा R एअर फिल्टरच्या ओळीत वाचला गेला होता. फोटो मोठा करून स्क्रीनवर पोस्टकार्डाची कड धरायची आणि ओळ डावीकडून उजवीकडे नेत वाचायची.

सुसाट

इतका खटाटोप करण्यापेक्षा साधं आहे. तक्त्यात पुढचा रकाना ७०,००० किमी किंवा ८४ महिने. गाडी जून २०१८ ची, ८४ महिने जून २०२५ ला. तेव्हा ७०,००० झाले की एकदम सगळं करून टाकायचं. पुस्तक तसंच वापरायचं असतं.

जुना_पाना

यात अर्धं खरं आहे. नवीन गाडी, सगळ्या सर्व्हिस रकान्याप्रमाणे वेळेवर, तर रकाना बघून चालतं, आणि वॉरंटी चालू असेल तर रकानाच पाळायचा. पण या गाडीची पाचवी सर्व्हिस ५०,००० ऐवजी ५३,४२० ला झाली आहे. तिथून शिक्के आणि रकाने यांची फारकत झाली. आता ऑइल शेवटच्या बदलापासून मोजायचं. ७०,००० च्या रकान्याचा उपयोग एवढाच, की गाडी ऑइलसाठी जाईल तेव्हा अजून काय काय तपासायचं ते त्यात दिसतं. पाचव्याला झालेला तो साडेतीन हजारांचा उशीर मात्र शीटमध्ये लाल करू नका, तो झाला आणि गेला. आज काय देय आहे त्याला त्याने फरक पडत नाही.

सुसाट

आमच्या सेंटरवाल्याने मला रकान्याप्रमाणेच सांगितलं होतं आणि माझी गाडी उत्तम चालते. ज्याला त्याला आपापलं.

हिशेबी

मी वापरते ते सूत्र देते. B मध्ये शेवटचं किमी, C मध्ये शेवटची तारीख, D मध्ये महिने, E मध्ये किमीचं अंतर. H1 मध्ये आजचं मीटर, H2 मध्ये रोजचे किमी.

```
=MIN(EDATE(C2,D2), TODAY()+(B2+E2-$H$1)/$H$2)
```

उत्तर आजच्या आधीची तारीख आलं की ती गोष्ट राहिली आहे. किलोमीटरने उलटली असेल तर ती तारीख खरी नसते, पण लाल करायला पुरते.

H2 मात्र नीट भरा. सहाव्या शिक्क्यापासून आजपर्यंत ३२१ दिवसांत ७,४४० किमी, म्हणजे सरासरी २३. त्याने ७१,१०० मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतात. पण ती सरासरी दोन वेगवेगळ्या माणसांची आहे. आधीचा मालक मार्च ते ऑक्टोबर दिवसाला १७ चालवत होता, बहुधा विकायची म्हणून गाडी पडून होती. तुमच्या १०० दिवसांत ३,६४० झालेत, म्हणजे दिवसाला ३६. त्या चालीने ७१,१०० मार्चच्या ३१ ला येतात. तारखेची मर्यादा ५ मार्च, तेव्हा आज तीच आधी. पण तुमची चाल दिवसाला ५८ च्या वर गेली तर किलोमीटर आधी भरतील. महिन्यातून एकदा मीटरचा फोटो काढून H1 बदला.

काटकोन

सूत्र टाकलं. ऑइल ५ मार्च आलं, ब्रेक ऑइल लाल झालं. पण प्लगची ओळ २०१८ ची तारीख दाखवते आहे आणि लाल आहे. आत्ताच तर ठरलं ना राहिलेले नाहीत म्हणून?

हिशेबी

प्लगच्या ओळीत महिन्यांचा रकाना रिकामा आहे ना? रिकामं म्हणजे शून्य महिने, म्हणून ते शेवटच्या तारखेलाच देय समजतं. तिथे ९९९ टाका. नीट वागायला लागेल आणि २०२७ च्या जूनच्या आसपासची तारीख देईल.

काटकोन

झालं, जून २०२७. आता सेंटरला फोन लावतो. टायमिंग बेल्टही लाल आलाय. जून २०१८ अधिक ७२ महिने म्हणजे जून २०२४.

सुसाट

हल्लीच्या पेट्रोल गाड्यांना चेन असते, बेल्ट नसतो. ती ओळच तुमच्यासाठी नाही.

काटकोन

प्लगच्या वेळी शहाणा झालो. आधी तळटीप वाचली. बेल्टच्या ओळीसमोर माझ्या इंजिनाचा कोड आहे. चेनवाल्या इंजिनासमोर रेघ मारलेली आहे.

पायवाट

कुपनाची तारीख गेली आहे. पण स्कूटर घेताना दिलेल्या पाकिटात बिल सापडलं, ऑइल तेव्हा बदललं होतं. धन्यवाद. आता मीटरमधला पहिला आकडा शून्य असतो तो धरायचा की सोडायचा?

हिशेबी

@पायवाट, सुरुवातीचं शून्य सोडलं तरी फरक पडत नाही. शेवटचा आकडा वेगळ्या रंगात किंवा टिंबानंतर असेल तर तो शंभर मीटरचा असतो, तो सोडा, नाहीतर ११,००० चे १,१०,००० होतील. आणि स्क्रीनवर ‘ट्रिप’ असं नाही ना तेही बघून घ्या.

काटकोन (२३ जानेवारी)

फोन झाला. सहाव्या वेळी ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर साफ, टायरच्या जागा आपसात बदलल्या. ब्रेक ऑइल नाही. मीटर त्यांच्याकडे ६१,१०८ आहे, तेव्हा ती शेपटी एकाचीच होती.

टायमिंग बेल्टचा गुंता आहे. त्यांच्या नोंदीत नाही. विकणारा म्हणतो, ‘बाहेर बदलून घेतला होता, २०२३ मध्ये बहुतेक’. बिल नाही. बॉनेटखाली कुठे स्टिकरही दिसत नाही.

जुना_पाना

‘बहुतेक’ म्हणजे नोंद नव्हे. शीटमध्ये एक तिसरा रंग ठेवा, ‘माहीत नाही’. प्लगबाबतीत माहीत नसतं तर एक काढून बघता आलं असतं, आणि उशीर झालाच असता तर गाडी अडखळली असती. बेल्टचं तसं नाही. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. तुटण्याआधी तो आवाज करेलच असंही नाही. म्हणून ‘माहीत नाही’ची गोष्ट ‘राहिलं’ असं धरूनच वागायचं.

वरचं झाकण काढून बघायला सांगा. नवीन बेल्टच्या पाठीवरची छापील अक्षरं स्पष्ट असतात, जुन्याची पुसत जातात. पण हा पुरावा म्हणून धरू नका, अंदाज म्हणून धरा. कडेचे धागे सुटलेले किंवा ऑइलचा ओलावा दिसला तर विचार न करता बदला.

सुसाट

२०२३ मध्ये खरंच बदलला असेल तर फुकटचा खर्च. मी असतो तर ८०,००० पर्यंत चालवली असती.

जुना_पाना

मी नसतो चालवली. पण गाडी काटकोन यांची आहे.

काटकोन (२५ जानेवारी)

आज ब्रेक ऑइल बदललं, मीटर ६८,७२०. ऑइलसाठी ३ मार्चची वेळ घेतली. पुस्तकात नोंद करताना काउंटरवरच्या मुलाला म्हटलं की सातला आडवी रेघ मार आणि कोणतं काम केलं ते शब्दांत लिही. त्याने वर बघितलं, पण लिहिलं. पूर्ण पानाचा फोटो, कोपऱ्यांसकट, काढून ठेवलाय.

बेल्टचं झाकण ३ मार्चलाच उघडणार आहेत. तोवर लांबच्या प्रवासाला दुसरी गाडी.